बंद खात्यातल्या याद्या

सोमवारी सकाळी मी हॉलचं दार ढकललं तेव्हा भाऊ स्पीकरची वायर गुंडाळत होते. मला बघून हसले आणि म्हणाले, "बाई, झालं तुमचं काम. नवीन अ‍ॅपवर सगळं नेलं आणि जुनं खातं बंद करून टाकलं."

गुरुवारी याच माणसाला मी सांगितलं होतं की जुनं खातं बंद करायच्या आधी मला एकदा बसू द्या, याद्या एका फाइलीत काढून घेते, मग काय करायचं ते करा. त्यांनी मान हलवली होती. हो बाई, हो बाई, असंही म्हणाले होते. मी त्यांच्याकडे बघत उभी राहिले. तोंडाशी आलेला शब्द वर्गातल्या बायकांसमोर बोलण्यासारखा नव्हता.

हे कशाबद्दल चाललंय ते आधी सांगते. धुळ्याच्या देवपूर भागात आमच्या घरापासून पाच-सात मिनिटांवर एक व्यायामशाळा आहे. चालवणारे चाळिशीचे गृहस्थ आहेत, सगळं देवपूर त्यांना भाऊ म्हणतं. वयाने मी त्यांच्या आईएवढी असूनही भाऊच म्हणते. खाली वजनं आणि यंत्रं, वर एक मोकळा हॉल. जळगावच्या एका मुलींच्या शाळेत मी आयुष्यभर शारीरिक शिक्षण शिकवलं. निवृत्त होऊन धुळ्याला आले आणि भाऊंच्या वरच्या हॉलमध्ये साठीच्या आसपासच्या बायकांसाठी सकाळचा वर्ग सुरू केला. गुडघे, खांदे, कंबर, तोल. कुणाची शस्त्रक्रिया झालेली, कुणाचं हाड मोडून जुळलेलं, कुणी नुसतीच घरात बसून आखडलेली.

या वर्गाला गाणी लागतात. गाण्याशिवाय म्हातारी बाई दहा वेळा हात वर करत नाही, तिसऱ्यांदाच "झालं का?" विचारते. पण गाणं लावलं म्हणजे झालं असंही नाही. खांदा मोकळा करायला संथ गाणं लागतं, आणि तेही असं की ज्याची ओळ लांब ओढलेली आहे, म्हणजे हात त्या ओळीबरोबर सावकाश वर जातो. पावलं टाकायला ठेका लागतो, पण पळवणारा नको. शेवटी श्वास खाली आणायला ज्यात तबला उशिरा येतो असं काहीतरी लागतं. बायका ऐंशी-नव्वदच्या दशकात तरुण होत्या, तेव्हा गाणीही त्या वेळचीच लागतात. ती ऐकली की त्यांचे चेहरे बदलतात.

हॉलच्या स्पीकरला हॉलचाच एक फोन जोडलेला असायचा आणि त्यावर गाण्यांच्या एका अ‍ॅपचं हॉलच्याच मेलवर काढलेलं खातं होतं. तेच खातं मी माझ्याही फोनवर उघडून घेतलं. घरी दुपारी बसून एकेक गाणं ऐकायचं, हातावरच्या घड्याळाकडे बघत ठेके मोजायचे, स्वतः उभं राहून व्यायाम करून बघायचा, गुडघा कुरकुरला तर गाणं काढून दुसरं टाकायचं. अशा याद्या झाल्या. "सोमवार खांदे", "गुडघे सावकाश", "तोल", "शेवट". प्रत्येक यादीच्या माहितीच्या जागेत मी सूचना लिहून ठेवल्या होत्या: इथे भिंतीचा आधार, इथे खुर्ची, इथे ज्यांना रक्तदाब आहे त्यांनी बसून. काही वर्षांचं काम होतं. त्याला काम म्हणतात हे मात्र माझ्याशिवाय कुणाला वाटत नव्हतं.

यादी हरवण्याचा राग मला पहिल्यांदा आला तो फार पूर्वी, जळगावला. शाळेच्या क्रीडादिनासाठी मुलींची कवायत ढोलाऐवजी टेपवर बसवायची असं मी ठरवलं होतं. तेव्हा स्टेशनच्या बाजूला एक कॅसेट भरून देणारं दुकान होतं. गाण्यांची यादी लिहून द्यायची, तो माणूस आपल्याकडच्या तबकड्यांवरून, कॅसेटींवरून एकापाठोपाठ एक गाणी कोऱ्या कॅसेटवर भरायचा. मी त्याच्या दुकानात उभी राहून कुठलं गाणं कुठे तोडायचं ते सांगितलं. कॅसेट शाळेच्या कपाटात ठेवली. क्रीडादिनाच्या आठवड्यात संस्थेच्या एका पदाधिकाऱ्याला स्वतःचं भाषण टेप करून घरी न्यायचं होतं. कपाटातली कॅसेट काढली आणि माझ्या कवायतीवर भाषण भरलं. मी मुख्याध्यापकांकडे गेले. ते म्हणाले, गाणीच तर होती. त्या दिवसापासून मी प्रत्येक कॅसेटच्या मागच्या दोन्ही प्लास्टिकच्या खिट्ट्या मोडून टाकायला लागले, म्हणजे तिच्यावर पुन्हा काही भरता येत नाही, आणि एक प्रत घरी ठेवायला लागले. तो नियम मी फोनवरच्या याद्यांना लावायला हवा होता हे खरं, पण फोनवरच्या याद्या कुणी पुसेल असं डोक्यात आलं नव्हतं. डोक्यात आलं तेव्हा, म्हणजे गुरुवारी, मी लगेच सांगितलं होतं. सांगूनही त्यांनी केलं, राग याचा होता.

भाऊंच्या मोबाइल रिचार्जबरोबर दुसऱ्या एका कंपनीचं गाण्यांचं अ‍ॅप फुकट आलं होतं. मग जुन्याला पैसे कशाला द्यायचे, हा त्यांचा विचार. तो विचार चुकीचा नव्हता. त्यांनी नेटवर एक साइट शोधली, जी एका अ‍ॅपवरच्या याद्या दुसऱ्या अ‍ॅपवर नेऊन देते. दोन्ही खाती तिला जोडली, बटण दाबलं, चहा प्यायले. साइटने शेवटी काहीतरी तक्ता दाखवला, तो त्यांनी न वाचता बंद केला. मग जुन्या खात्याचा पैशाचा प्लॅन रद्द केला आणि खातंही बंद केलं. हे सगळं त्यांनी मला नंतर मोठ्या कौतुकाने सांगितलं, जणू माझ्यावर उपकार केले होते.

तर त्या सोमवारी बायका जमल्या होत्या, वेळ झाली होती, म्हणून मी राग गिळला आणि नवीन अ‍ॅपवरची "सोमवार खांदे" लावली.

पहिली तीन गाणी बरोबर होती. चौथ्या जागी आमच्या अक्कांचं गाणं होतं. अक्का एरंडोलकडच्या एका खेड्यातल्या, शेती करून म्हाताऱ्या झालेल्या, आता देवपुरात मुलाकडे राहतात. पडून खांद्याचं हाड मोडलं होतं. प्लास्टर निघालं पण हात कानाच्या वर जाईना. तो हात मोकळा करण्यासाठी भिंतीसमोर उभं राहून बोटांनी भिंत चढायची असते, एकेक बोट वर. दुखतं. त्या दुखण्यातून नेण्यासाठी मी एक अहिराणी लग्नगीत शोधलं होतं, कुठल्याशा छोट्या कंपनीने जुन्या कॅसेटवरून चढवलेलं. बाईच्या आवाजात, मागे फक्त टाळ्या आणि एक ढोलकी. अक्का ते ऐकत, पुटपुटत भिंत चढायच्या. मे महिन्यात त्यांची बोटं खिडकीच्या खालच्या कडेला होती, दिवाळीपर्यंत वरच्या कडेला पोचली होती.

अक्का भिंतीसमोर उभ्या राहिल्या, हात ठेवला, आणि त्या गाण्याच्या जागी त्याच नावाचं कुठलंतरी हिंदी, धडधड वाजणारं, मिरवणुकीत लावतात तसलं गाणं सुरू झालं. आवाज मोठा होता. अक्का दचकल्या, हात झटक्यात खाली आला. त्या ओरडल्या नाहीत. खांदा दुसऱ्या हाताने धरून भिंतीला टेकल्या आणि त्यांचे ओठ पांढरे पडले. मी धावत जाऊन फोन बंद केला. दोघींनी त्यांना खुर्चीवर बसवलं, बर्फ आणला. थोड्या वेळाने त्यांनी मला विचारलं, "बाई, मनं गानं कोठे गयं?"

मी म्हटलं, शोधते.

"त्यानाबिगर मना हात वर जास नही," त्या म्हणाल्या. तक्रार म्हणून नाही, नुसतं सांगितल्यासारखं.

वर्ग सोडून दिला. बायका गेल्यावर हॉलमध्ये एकटी बसून मी नवीन अ‍ॅपवरच्या याद्या एकेक करून तपासल्या. आठवणीतून ताडून बघत होते, कारण समोर ठेवायला जुनं काही नव्हतं. माझ्या फोनवरचं जुनं अ‍ॅप मला लॉगिन करा म्हणत होतं. काही गाणी बरोबर आली होती. काहींच्या जागी त्याच नावाची दुसरी आली होती: मूळ गायकाऐवजी कुणीतरी नव्याने गायलेली, ठेका वाढवलेली. काही आलीच नव्हती आणि जिथे ती नव्हती तिथे रिकामी जागाही नव्हती, पुढचं गाणं गुपचूप वर सरकून बसलं होतं. अहिराणी गाणी नवीन कंपनीकडे जवळजवळ नव्हतीच. आणि "शेवट" ही यादी मुळी आलीच नव्हती. ती साइट फुकटात ठराविक गाण्यांपर्यंतच नेते, पुढे पैसे मागते, हे भाऊंनी न वाचलेल्या तक्त्यात लिहिलं असणार. माझ्या सूचना तर कुठेच नव्हत्या.

मी जिना उतरून खाली गेले. भाऊ त्यांच्या छोट्या काचेच्या खोलीत होते, समोर प्रोटीनच्या डब्यांचा विक्रेता बसला होता. मी त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसले. भाऊंनी हाताने पाच मिनिटं अशी खूण केली. मी मान हलवली नाही, उठलेही नाही. विक्रेत्याने दोन वेळा माझ्याकडे बघितलं आणि आपले डबे पिशवीत भरले.

मी काय झालं ते सांगितलं. अक्कांच्या हाताचं ऐकून भाऊंचा चेहरा थोडा पडला, डॉक्टरकडे नेऊ म्हणाले. पण याद्यांचं काढल्यावर पुन्हा तोच चेहरा. नेटवर सगळी गाणी मिळतात, एक दिवस बसलात की होईल, नाहीतरी तुम्हाला दुपारी वेळ असतो. हे शेवटचं वाक्य मी अजून विसरलेली नाही. वेळ असतो. जणू त्या वेळाला काही किंमत नाही आणि आधी घातलेलाही वेळ तसाच फुकटचा होता.

"गाणी मिळतील," मी म्हटलं. "कुठल्या गाण्यानंतर कुठलं, आणि का, ते कुठे मिळेल?"

"बाई, तुम्ही फार मनाला लावून घेता."

मला आयुष्यात अनेकांनी हे वाक्य ऐकवलं आहे. ज्याचं काम कुणी पुसलं त्यानेच मन आवरायचं. आणि पुसणाऱ्याचं काय? आवाज चढवला असता तर भाऊंनी "बाई, शांत व्हा" म्हटलं असतं आणि विषय माझ्या आवाजाचा झाला असता. म्हणून मी शाळेत वापरायचे तो आवाज काढला, हळू आणि सपाट. विचारलं, खातं कधी बंद केलं. शनिवारी, ते म्हणाले. मग मी म्हटलं, तुमच्या मेलवर त्या कंपनीचं एक पत्र आलं असेल. खातं बंद केल्यावर आठवडाभर ते परत उघडण्याची लिंक अशा पत्रात देतात. ती मुदत संपली की सगळं कायमचं जातं. आज सोमवार आहे. मेल उघडा.

मला हे कसं माहीत, तर गुरुवारी रात्री मी त्या कंपनीच्या साइटवरचं मदतीचं पान वाचून काढलं होतं. बंद करायच्या आधी काय करायचं ते शोधायला गेले होते, बंद केल्यावर काय करायचं तेही तिथेच होतं.

भाऊ म्हणाले बघतो, संध्याकाळी. मी म्हटलं, आत्ता. ते म्हणाले त्या मेलचा पासवर्ड लक्षात नाही. मी म्हटलं, तुमच्या समोरच्या संगणकावर तो मेल उघडाच असेल, कारण बिलं तुम्ही त्याच्यावरून पाठवता. मग त्यांनी वेगळंच काढलं. म्हणाले, खातं हॉलचं, मेल हॉलचा, पैसे हॉलने भरले, मग याद्या तरी कुणाच्या? उद्या तुम्ही दुसऱ्या हॉलमध्ये वर्ग घेतला तर?

म्हणजे हे मनात होतं. गुरुवारी मान हलवताना होतं की आत्ता सुचलं, मला माहीत नाही. मला खरोखर इतका राग आला की क्षणभर काचेच्या पलीकडची यंत्रंही दिसेनात. मी या माणसाच्या आईला याच हॉलमध्ये उठाबशा शिकवल्या आहेत.

मी म्हटलं, "खातं तुमचं आहे, भाऊ. ते तुम्हीच बंद केलंत. मी त्यातून फक्त माझं लिखाण काढून नेतेय. नाही उघडलंत तर उद्या बायकांना मी वर्ग का बंद आहे ते जसंच्या तसं सांगेन. अक्कांच्या मुलालाही."

त्यांनी हातातलं पेन टेबलावर टाकलं. मग मेल उघडला.

पत्र होतं. जाहिरातींच्या ढिगात, न वाचलेलं. लिंक दाबली, नवा पासवर्ड ठेवायला लावला, आणि खातं उघडलं. पैशाचा प्लॅन गेला होता, ते आता फुकटचं साधं खातं झालं होतं, पण याद्या जशाच्या तशा होत्या. "सोमवार खांदे", "गुडघे सावकाश", "तोल", "शेवट". चौथ्या जागी अक्कांचं गाणं. मला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही, राग मधे होता.

मी भाऊंना खुर्चीवरून उठायला सांगितलं आणि स्वतः बसले. याद्या फाइलीत काढून देणाऱ्या साइटही असतात. मी एक आधीच बघून ठेवली होती. तिला खात्यातल्या याद्या वाचायची परवानगी द्यावी लागते. भाऊ मागे उभे राहून म्हणाले, ही कसली परवानगी, काही गडबड होणार नाही ना. परवा दोन खाती न वाचता जोडणारा माणूस. मी सांगितलं की काम झालं की खात्याच्या सेटिंगमधून ती परवानगी काढून टाकते, आणि नंतर त्यांच्यासमोर काढली. एकेका यादीपुढे बटण होतं. दाबलं की त्या यादीची फाइल उतरायची, ज्यात प्रत्येक गाण्याची एक ओळ: गाण्याचं नाव, गायक, अल्बम, लांबी, यादीत कधी घातलं ती तारीख आणि त्या गाण्याची लिंक. क्रम यादीतलाच.

भाऊंना वाटलं मी गाणी काढून घेतेय. यात गाणी वाजतात का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही, यात फक्त नावं आणि पत्ते असतात. गाणी कंपनीकडेच राहतात. मग एवढ्यासाठी एवढं, असं काहीतरी ते पुटपुटले.

पहिली फाइल उघडली आणि भाऊ मोठ्याने हसले. हिंदी गाण्यांची नावं इंग्रजी अक्षरांत होती, ती ठीक दिसत होती. पण जी नावं देवनागरीत होती, म्हणजे मराठी आणि अहिराणी, तिथे सगळा चिखल. डोक्यावर टोप्या घातलेले इंग्रजी ए, मधे नाण्यांची चिन्हं, स्वल्पविराम. अक्कांचं गाणं तर दीड ओळ लांब, एकही अक्षर वाचता न येणारं. भाऊ म्हणाले, गेलं बघा बाई तुमचं, यापेक्षा मी नेलेलं बरं होतं.

त्यांचं ते हसणं मला फार लागलं. पण हा चिखल माझ्या ओळखीचा होता. शाळेतली शेवटची वर्षं निकालपत्रकं संगणकावर करावी लागायची आणि मुलींची नावं देवनागरीत असली की असंच व्हायचं. अक्षरं गेलेली नसतात, ती फाइलीत नीट असतात, उघडताना संगणक त्यांना चुकीच्या लिपीतली समजून वाचतो. घाबरून अशी फाइल तिथेच सेव्ह केली तर मात्र घोटाळा होतो. मी ती सेव्ह न करता बंद केली, कोरा तक्ता उघडला, डेटाच्या मेनूतून मजकुराची फाइल आत आणायचं निवडलं आणि लिपीच्या जागी युनिकोडचा पर्याय निवडला. खालच्या नमुन्याच्या चौकटीत अक्कांच्या गाण्याचं नाव सरळ मराठी अक्षरांत उभं राहिलं. भाऊ हसायचे थांबले. मी वळून बघितलं नाही.

एकेक फाइल तशी आणली, एकाच वर्कबुकात वेगवेगळ्या पानांवर ठेवली. प्रत्येक पानावरच्या ओळी खात्यातल्या यादीशी ताडून बघितल्या. सूचना मात्र फाइलींत आल्या नव्हत्या, यादीच्या माहितीत लिहिलेलं ती साइट नेत नाही. त्या मी वाचून हाताने टंकल्या, ज्या गाण्याची सूचना त्या गाण्याच्या ओळीसमोर. याला दुपार झाली. भाऊ दोन वेळा बाहेर जाऊन आले, एकदा माझ्यासाठी चहा आणून ठेवला. मी तो प्यायले, आभार मानले नाहीत. वर्कबुक आणि मूळ फाइली दोन्ही स्वतःच्या मेलवर पाठवल्या, पेनड्राइव्हवर घेतल्या आणि घरच्या संगणकावरही.

निघताना भाऊंनी विचारलं की एक प्रत हॉलच्या संगणकावर राहू दे ना. मी म्हटलं, "राहू दे. पण त्यावरून वर्ग कुणी घेणार असेल तर आधी माझ्याकडे शिकायला पाठवा." त्यांना ते आवडलं नाही असं दिसलं. खातं मी त्यांना बंद करू दिलं, या वेळी माझ्यासमोर.

त्यानंतर मी त्याच जुन्या कंपनीत माझ्या स्वतःच्या मेलवर खातं काढलं. वर्कबुकातल्या लिंकांवरून एकेक गाणं उघडत याद्या पुन्हा बांधल्या. नेऊन देणाऱ्या साइटला दिलं असतं तर लवकर झालं असतं, पण मला प्रत्येक गाणं ऐकून बघायचं होतं. नावावरून शोधणं आणि लिंकवरून उघडणं यात फरक आहे. लिंक त्याच गायकाच्या त्याच ध्वनिमुद्रणाकडे नेते. दोन लिंका मेल्या होत्या, ती गाणी कंपनीकडून काढली गेली असावीत, पण ती कुठली हे फाइलीमुळे निदान कळलं, आणि त्यांच्या जागी काय चालेल ते मी ठरवलं. कुठल्या यंत्राने नाही.

घरी यजमान म्हणाले, झालं ना सगळं, आता सोड. मी त्यांना म्हटलं की अक्कांचा हात पुन्हा खिडकीच्या मधल्या गजापर्यंत खाली आला आहे, तो वर नेल्यावर सोडीन. त्यांनी वर्तमानपत्र उचललं. अक्कांच्या खांद्याला डॉक्टरांनी काही मोठं झालं नाही असं सांगितलं, फक्त सूज उतरेपर्यंत थांबा म्हणाले. त्या परत वर्गाला यायला लागल्या तेव्हा भिंतीसमोर उभं राहायला घाबरत. गाणं लावायच्या आधी मी त्यांना फोनवर नाव दाखवायची. त्यांना वाचता येत नाही, तरी बघायच्या, मान हलवायच्या, मग हात ठेवायच्या. कुणाच्या भीतीचा हिशेब कुठल्या तक्त्यात मांडायचा? त्या झटक्याची भीती जायला जितका काळ लागला, तितका खांद्याची सूज जायला लागला नाही.

वर्ग मी त्याच हॉलमध्ये चालू ठेवला. बायकांना दुसरीकडे चालत जाणं जमणारं नव्हतं, पांझरा नदीचा पूल ओलांडून गावात जाणं तर नाहीच. स्पीकरला आता माझाच फोन जोडते, वर्ग संपला की काढून पिशवीत टाकते. भाऊंशी बोलणं कामापुरतं. ते अजून हसून नमस्कार करतात, मीही करते, आणि प्रत्येक वेळी त्या काचेच्या खोलीतलं त्यांचं हसणं मला ऐकू येतं.

मधे एकदा जिना उतरत होते. खाली भाऊ एका नवीन कुटुंबाला व्यायामशाळा दाखवत होते, आईला सकाळच्या वर्गात घालायचं का असा विचार चालला होता. भाऊ त्यांना सांगत होते की आमच्याकडे ज्येष्ठ महिलांसाठी खास तयार केलेल्या गाण्यांच्या याद्या आहेत, आणि सगळ्याचा बॅकअप आम्ही ठेवतो, त्याबाबतीत आम्ही फार काटेकोर आहोत.

मी मधल्या पायरीवर थांबले. त्या म्हाताऱ्या बाई माझ्याकडे बघत होत्या, हात गुडघ्यावर, चेहऱ्यावर दुखणं. मी खाली आले, भाऊंकडे न बघता त्यांना विचारलं की गुडघा किती दिवस दुखतोय, आणि उद्या सकाळी सैल कपडे घालून या म्हणाले. मग बाहेर पडले. घरी पोचेपर्यंत माझ्या कानशिलात ठोके पडत होते, आणि ते कुठल्याही यादीत बसतील एवढे संथ नव्हते.